गृहकर्ज दुसऱ्या बँकेत हलवताना: दर किती उतरतो आणि खर्च किती चढतो

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवरून खाली आणायला सुरुवात केली आणि डिसेंबरपर्यंत तो ५.२५ वर आला. म्हणजे एका वर्षात सव्वा टक्का. तेव्हापासून वडोदऱ्यात ज्यांच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो फोन आलेला नसेल. "सर, लोन ट्रान्सफर करवी छे?" पलीकडचा मुलगा गोड बोलतो, दर ७.९० सांगतो, हप्ता पाच हजारांनी कमी होईल म्हणतो आणि दुपारपर्यंत कागद न्यायला माणूस पाठवायलाही तयार असतो.

तो खोटं बोलत नसतो, पण हिशेबाची एकच बाजू सांगत असतो. दुसरी बाजू आपण मांडून पाहू. त्यासाठी मांजलपूरमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीचं उदाहरण घेतो. तिचे आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. पाच वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या नवऱ्याने एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून ३४ लाख घेतले. आज मुद्दल ३० लाख बाकी आहे, मुदत १५ वर्षं उरली आहे, दर ८.९० टक्के आणि हप्ता ३०,२५० रुपये. "दादा, रेपो एवढा उतरला, मग आमचा दर का हलत नाही?" हा तिचा पहिला प्रश्न होता.

रेपो उतरला, माझा दर का नाही?

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीचे पैसे देते तो दर. आपल्या कर्जाचा दर त्यावर बँकेने चढवलेल्या अधिभाराने बनतो. या अधिभाराला बँकेत स्प्रेड म्हणतात. खंडेराव मार्केटमध्ये भाजीचा घाऊक भाव सगळ्या गाळेवाल्यांना सारखाच असतो, वरचा नफा मात्र ज्याचा त्याचा. रेपो आणि स्प्रेडचं नातं तसंच आहे. घाऊक भाव उतरला तर बँकेला दर उतरवावा लागतो, पण तुमच्यासाठी ठरलेला नफा तिने नव्या गिऱ्हाइकासाठी कमी केला, तरी तुमचा आपोआप कमी होत नाही.

आता बँक आणि हाउसिंग फायनान्स कंपनी यांत इथे फरक पडतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने लावावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर हे बंधन नाही. त्या स्वतःचा एक मूळ दर ठरवतात आणि त्यातून प्रत्येकाला वेगळी सूट देतात. मूळ दर कधी आणि किती हलवायचा, हे त्यांच्या हातात. बहिणीचं कर्ज अशा कंपनीचं असल्यामुळे सव्वा टक्क्यातला जेमतेम अर्धा तिच्यापर्यंत पोहोचला होता. २०१९ च्या आधीचं बँकेचं कर्ज असेल तर ते अजून जुन्या एमसीएलआर पद्धतीत, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून निघणाऱ्या दरात, अडकलेलं असू शकतं. त्याचीही चाल संथ असते.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. दर उतरला की बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. त्यामुळे खात्यातून तेवढीच रक्कम जाताना दिसते आणि माणूस समजतो, आपल्याला काहीच मिळालं नाही. हप्ता बघू नका. कर्जाच्या खात्याचं ताजं विवरणपत्र काढा आणि त्यावरचा व्याजदर व उरलेले महिने वाचा. रेपोला जोडलेलं कर्ज असेल तर दरातून ५.२५ वजा करा, उरला तो तुमचा स्प्रेड. तो २.६५ च्या आसपास असेल तर फोनवाल्या मुलाचं ७.९० तुम्हाला आधीपासूनच मिळतं आहे आणि हा लेख तुमच्या शेजाऱ्याला दिलात तरी चालेल.

आधी आहे त्याच दारात विचारा

कर्ज हलवण्याआधी सध्याच्या बँकेकडे किंवा कंपनीकडे दर कमी करून मागता येतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि कंपनी आपणहून सांगत नाही. हाउसिंग फायनान्स कंपन्यांमध्ये याला कन्व्हर्जन म्हणतात. थोडं शुल्क घेऊन त्या तुमची सूट वाढवतात आणि दर खाली आणतात. बँकांचा पूर्वी एक अडसर होता. रेपोला जोडलेल्या कर्जात, कर्ज बुडण्याच्या जोखमीपोटीचा भाग सोडला तर स्प्रेडचे बाकीचे भाग तीन वर्षं बदलता येत नसत. १ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या फायद्यासाठी ते त्याआधीही कमी करायला मुभा दिली आहे. त्यामुळे "साहेब, नियमात बसत नाही" हे उत्तर आता पुरेसं नाही.

तोंडी विचारण्यापेक्षा लेखी अर्ज द्यावा आणि सोबत दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र जोडावं. नुसतं "मी जातोय" म्हणणारे रोज येतात, मंजुरीपत्र घेऊन येणाऱ्याचं काम वरच्या टेबलावर जातं. बहिणीने तेच केलं. कंपनीने ८.९० चे ८.२५ करायची तयारी दाखवली, शुल्क बाकी मुद्दलाच्या पाव टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,५०० अधिक १,३५०, एकूण ८,८५० रुपये. कागद नवे नाहीत, वकील नाही, फेऱ्या नाहीत.

म्हणजे तिच्यापुढे खरी निवड ८.९० आणि ७.९० यांच्यातली उरलीच नाही. ती ८.२५ आणि ७.९० यांच्यातली झाली. लोक नेमके इथेच चुकतात. फोनवाला जुन्या दराशी तुलना करून देतो, आपण जागच्या जागी मिळू शकणाऱ्या दराशी करायची असते.

हलवण्याचा खर्च: कुठे कुठे पैसे जातात

नवी बँक जुन्या कंपनीचे ३० लाख फेडते आणि तुमचं घर स्वतःकडे गहाण घेते. म्हणजे कागदोपत्री हे अगदी नवं कर्ज असतं आणि नव्या कर्जाचे बहुतेक खर्च पुन्हा येतात. बहिणीचा खर्च असा निघाला.

प्रोसेसिंग फी घासाघीस करून १०,००० वर आली, जीएसटी धरून ११,८००. ही फी सगळ्यात लवचीक असते. सणासुदीला किंवा मार्चअखेर काही बँका ती माफही करतात, पण माफीत जीएसटी, वकील आणि मूल्यांकन धरलं आहे का, हे विचारावं लागतं. बँकेच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट, म्हणजे घराच्या मालकीची तपासणी, आणि इंजिनिअरचं घराचं मूल्यांकन यांचे मिळून ६,५०० झाले. हे पैसे कर्ज नामंजूर झालं तरी बहुधा परत मिळत नाहीत.

मग गहाणखतावरची स्टॅम्प ड्युटी. गुजरातेत ती कर्जाच्या पाव टक्का होती, म्हणजे ३० लाखांवर ७,५०० रुपये. २०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पाने १ कोटीपर्यंतच्या कर्जासाठी ती जास्तीत जास्त ५,००० वर आणली. हे वडोदऱ्याचं गणित आहे. तुमचं घर पुण्यात किंवा इंदूरमध्ये असेल तर त्या राज्याचा दर लागेल, तो वेगळा असतो. जुन्या कंपनीला भरलेली ड्युटी नव्या बँकेकडे वळती होईल असं धरून चालू नका. करारनाम्याचा स्टॅम्प, गहाणाची केंद्रीय नोंद आणि किरकोळ मिळून १,५०० धरले.

शेवटचा खर्च कुठल्याही पावतीवर दिसत नाही, तो म्हणजे दुहेरी व्याज. नव्या बँकेने ज्या दिवशी चेक काढला त्या दिवसापासून तिचं व्याज सुरू होतं. तो चेक जुन्या कंपनीच्या खात्यात वटेपर्यंत जुनं व्याजही चालू राहतं. ३० लाखांवर ७.९० टक्क्यांनी दिवसाला साधारण ६५० रुपये होतात. बहिणीचे मधले आठ दिवस गेले, ५,२०० रुपये. चेक तयार होऊन शनिवार-रविवार आणि जोडून उत्तरायणाची सुट्टी आली तर हे सहज वाढतं. चेकऐवजी आरटीजीएसने पैसे पाठवायचा आग्रह धरा, तेवढं अंतर कमी होतं.

सगळं मिळून ३०,००० रुपये.

मग हे पैसे किती दिवसांत वसूल होतात?

मुदत १५ वर्षांचीच ठेवली तर ७.९० टक्क्यांनी हप्ता २८,४९७ होतो. जुन्यापेक्षा १,७५३ ने कमी. ३०,००० भागिले १,७५३, म्हणजे सतरा महिने. बँकेचा माणूस आणि बहुतेक ऑनलाइन गणकं हेच उत्तर देतात.

खरं उत्तर त्याहून चांगलं आहे. पहिल्या महिन्याचंच बघा. ३० लाखांवर ८.९० टक्क्यांनी महिन्याचं व्याज २२,२५०, आणि ७.९० ने १९,७५०. व्याजात २,५०० वाचले, हप्त्यात मात्र १,७५३ च. उरलेले ७४७ कुठे गेले? ते मुद्दलात गेले. जुन्या हप्त्यात ८,००० मुद्दल फिटत होतं, नव्यात ८,७४७ फिटतं. म्हणून तुलना हप्त्यांची न करता व्याजाची करावी. बाकी मुद्दल गुणिले दरातला फरक, एवढं केलं की वर्षाची बचत हाती येते. ३० लाखांचा १ टक्का म्हणजे ३०,०००. खर्चही ३०,०००. साधारण एका वर्षात पैसे वसूल.

पण थांबा, हा हिशेब ८.९० शी आहे. ८.२५ शी तुलना केली तर फरक ०.३५ टक्क्याचा, म्हणजे वर्षाला १०,५००. आणि हलवण्याचा खर्च कन्व्हर्जनपेक्षा २१,१५० ने जास्त. आता वसुलीला दोन वर्षं लागतात. त्यापुढची १३ वर्षं फायद्याची आहेत. मुदत बदलली नाही तर ८.२५ च्या तुलनेत ७.९० मुळे पूर्ण काळात सुमारे १ लाख ९ हजार कमी भरावे लागतात, त्यातून जास्तीचा खर्च वजा करा. अर्थात पुढची पंधरा वर्षं दोन्हीकडचे दर सारखेच वरखाली होतील असं इथे धरलं आहे.

बहिणीने कर्ज हलवलं. त्याचं कारण मात्र हा लाखाचा आकडा नव्हता. हाउसिंग फायनान्स कंपनीचा दर पुढे कधी उतरेल हे कंपनी ठरवणार, बँकेचा मात्र रेपोबरोबर तीन महिन्यांत उतरणार, हे तिला जास्त पटलं. यात दुसरी बाजूही आहेच. रेपो चढला तर तोही तेवढ्याच तत्परतेने चढणार. दोन-तीन वर्षांत घर विकून मुलांच्या शाळेसाठी दुसरीकडे जायचा विचार असता तर मी तिला ८.२५ घेऊन गप्प बसायला सांगितलं असतं.

"हप्ता पाच हजारांनी कमी" यातली मेख

आता त्या फोनवरच्या पाच हजारांकडे येऊ. ७.९० ने हप्ता फक्त १,७५३ ने उतरतो, मग तो पाच हजार कुठून सांगतो? तो मुदत पुन्हा २० वर्षांची करतो. ३० लाख, ७.९० टक्के, २० वर्षं, तर हप्ता २४,९०७. जुन्यापेक्षा ५,३४३ कमी. आकडा खरा आहे.

पण एकूण किती भरणार? जुन्या कंपनीत काहीही न बदलता बसून राहिलं असतं तरी १५ वर्षांत ५४ लाख ४५ हजार गेले असते. नव्या स्वस्त दराने २० वर्षांत ५९ लाख ७८ हजार जातात. दर एक टक्का कमी आणि भरणा सव्वापाच लाखांनी जास्त. शिवाय नवरा-बायको ज्या वयात निवृत्त व्हायचे, त्याच्या पुढेही हप्ते चालू राहतात. काहींना महिन्याची ओढाताण कमी करणं खरंच गरजेचं असतं. नोकरी गेली, आजारपण आलं, तर मुदत वाढवणं गैर नाही. पण ती गरज म्हणून घ्यावी, तिला बचत म्हणू नये.

याच्या उलटही करता येतं आणि मला तेच आवडतं. दर ७.९० झाला तरी हप्ता जुनाच, ३०,२५० ठेवायचा. घरखर्चाला त्या रकमेची सवय झालेलीच असते. मग कर्ज १८० ऐवजी साधारण १६१ महिन्यांत संपतं, म्हणजे दीड वर्ष आधी, आणि एकूण भरणा सुमारे ४८ लाख ७८ हजार. जुन्या स्थितीपेक्षा साडेपाच लाखांहून जास्त वाचले. यासाठी अर्जातच मुदत साडेतेरा वर्षांची लिहायची. "नंतर कमी करून देऊ" म्हणतात, ते नंतर कोणी करत नाही.

जुनी कंपनी दंड लावेल ना?

बदलत्या दराचं गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर नाही. असं कर्ज मुदतीआधी फेडण्यावर शुल्क घ्यायला बँकांना २०१२ पासून मनाई आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांत तर पैसे कुठून आणले हे विचारायचीही सोय ठेवलेली नाही. स्वतःचे असोत की दुसऱ्या बँकेचे, शुल्क नाही आणि अमुक वर्षं थांबा अशी अटही नाही.

निश्चित दराच्या कर्जाची गोष्ट वेगळी. तिथे शुल्क लागू शकतं, करारपत्र काढून वाचा. काही कर्जं पहिली दोन-तीन वर्षं निश्चित दराची आणि मग बदलत्या दराची असतात. त्यात फेडायच्या दिवशी कर्ज कुठल्या अवस्थेत आहे, त्यावर ठरतं. म्हणून निश्चित काळाचे चार महिने उरले असतील तर चार महिने थांबणं स्वस्त पडतं.

अर्धी मुदत गेली, आता हलवून काय उपयोग?

"व्याज तर आपण आधीच्या वर्षांत भरून टाकलं, आता नुसतं मुद्दल राहिलं" असं रावपुऱ्यातल्या चहाच्या टपरीपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. हे बरोबर नाही. व्याज आगाऊ कोणी घेत नाही. ते दर महिन्याला त्या दिवशीच्या बाकीवर लागतं. सुरुवातीला बाकी मोठी म्हणून व्याज जास्त, शेवटी बाकी छोटी म्हणून कमी, एवढंच. त्यामुळे किती वर्षं झाली हा प्रश्नच नाही, किती मुद्दल उरलं आणि किती काळ उरला, हा आहे.

समजा ८ लाख आणि चार वर्षं उरली आहेत. दरात पूर्ण १ टक्क्याचा फरक मिळाला तरी चार वर्षांत मिळून १८ हजारांच्या आसपास वाचतात. वकील, मूल्यांकन, ड्युटी आणि फी यांतच ते जातील. तिथे कन्व्हर्जन मागा, किंवा बोनसचे पन्नास हजार थेट कर्जात भरा. त्याच्या जोडीला २५ लाख आणि बारा वर्षं उरलेला माणूस ठेवा. त्याने आठ वर्षं हप्ते भरलेत म्हणून काही बिघडत नाही, त्याने हिशेब जरूर करावा.

विमा आणि टॉप-अप: खर्च इथे दडतो

सगळं ठरल्यावर, सह्या करायच्या दिवशी, नव्या बँकेचा अधिकारी कर्जाच्या विम्याचा कागद पुढे सरकवतो. एकरकमी हप्ता, समजा ६०,०००, "तुम्हाला आत्ता भरायचा नाही, कर्जात जोडू." म्हणजे ३० लाखांचं कर्ज ३० लाख ६० हजार होतं आणि त्या साठ हजारांवर पंधरा वर्षं व्याज. घासाघीस करून उतरवलेली सगळी प्रोसेसिंग फी इथे दुपटी-तिपटीने परत जाते.

घरावर कर्ज असताना कमावत्या माणसाचा विमा हवाच, त्यावर वाद नाही. पण तो याच बँकेकडून, याच दिवशी घेतलाच पाहिजे अशी सक्ती बँक करू शकत नाही. वेगळा मुदत विमा आधीच असेल तर तसं लेखी सांगा. जुन्या कर्जाबरोबर घेतलेली पॉलिसी कर्ज हलवलं की काय होते, हे विमा कंपनीला विचारा. काही पॉलिसी उरलेल्या मुदतीपुरती चालू राहतात, काहींचा न वापरलेला भाग परत मिळतो. तो न मागता कोणी आणून देत नाही.

टॉप-अपचंही तसंच. कर्ज हलवताना वर पाच लाख जास्त देतो म्हणतात. घराच्या दुरुस्तीला ते वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं. पण टॉप-अपचा दर मूळ कर्जापेक्षा वेगळा असू शकतो, तो मंजुरीपत्रात वेगळ्या ओळीत बघा.

या सगळ्यासाठी एक कागद उपयोगी पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचं पत्रक, बँकेच्या भाषेत केएफएस, द्यावंच लागतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा एकूण दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. ७.९० च्या जागी तिथे ८.१० दिसलं तर मधले पैसे कुठल्या ओळीत आहेत, ते सही करण्याआधी शोधा. पत्रकात नसलेलं शुल्क तुमच्या लेखी संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

नवी बँक नाही म्हणाली तर?

वडोदऱ्यात याचं नेहमीचं कारण पगार किंवा सिबिल नसतं, कागद असतात. हाउसिंग फायनान्स कंपनीने कर्ज देताना जे चालवून घेतलं, ते सरकारी बँकेचा वकील चालवून घेत नाही. वासणा-भायली किंवा गोत्रीच्या बाजूला, शहर नुकतंच पसरलं तिथल्या स्कीममध्ये बिल्डिंग वापराची परवानगी, ज्याला इथे सगळे बीयू म्हणतात, आली नसेल, किंवा जमिनीचा बिनशेतीचा हुकूम आणि पास झालेला नकाशा एकमेकांशी जुळत नसेल, तर फाइल तिथेच थांबते. आणि वकिलाची फी गेलेली असते.

म्हणून पैसे भरण्याआधी सध्याच्या कंपनीकडून त्यांच्या ताब्यातल्या कागदांची यादी मागा. तिला एलओडी म्हणतात. दस्तावेज, इंडेक्स, बीयू, नकाशा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जे असेल ते. ही यादी नव्या बँकेच्या वकिलाला दाखवून "यातलं काय कमी पडेल?" एवढंच विचारा. चांगला वकील पाच मिनिटांत सांगतो. यादी द्यायला जुनी कंपनी उशीर करते, कारण ती मागितली की गिऱ्हाईक चाललं हे तिला कळतं. लेखी अर्ज आणि पोच, एवढाच त्यावर उपाय.

सिबिलचं म्हणाल तर, नव्या अर्जामुळे एक चौकशी नोंदली जाते आणि गुण थोडे खाली येतात, मग सावरतात. एकाच आठवड्यात सहा बँकांत अर्ज टाकले तर मात्र ते दिसतं. आधी दर तोंडी विचारा, अर्ज एक-दोन ठिकाणीच करा.

कर्ज बंद झालं, असं जुनी कंपनी म्हणाली का?

बहिणीच्या प्रकरणात घोळ झाला तो इथे. जुन्या कंपनीने कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र दिलं होतं, त्यावर अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलं होतं. नव्या बँकेने तेवढ्याच रकमेचा चेक काढला, तो वटला दोन दिवस उशिरा. दोन दिवसांचं व्याज, दीडेक हजार रुपये, कमी पडले. कंपनीच्या संगणकात कर्ज चालूच राहिलं. कोणी फोन केला नाही. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला तिच्या पगाराच्या खात्यातून दोन हप्ते गेले, एक नव्या बँकेचा आणि एक जुन्या कंपनीचा. जुना परत मिळाला, पण त्यासाठी अल्कापुरीतल्या शाखेत दोघांनाही रजा टाकून जावं लागलं.

हे टाळायला रकमेच्या पत्रावर दिवसाला किती व्याज वाढतं तो आकडा लिहून घ्यावा आणि चार-पाच दिवसांचं व्याज जादा धरून रक्कम मागावी. जास्तीचे पैसे परत येतात, कमी पडलेले मात्र अडकवतात. हप्त्याच्या तारखेच्या आगेमागे हलवाहलव करू नये. आणि पैसे पोहोचल्याच्या दिवशीच "कर्ज बंद, बाकी शून्य" असं पत्र मागावं, सोबत आपोआप हप्ता कापण्याची परवानगी, म्हणजे नॅचचा आदेश, रद्द करायला सांगावं. आपल्या पगाराच्या बँकेतही तो रद्द करता येतो.

मूळ कागद सोडायला जुन्या कंपनीला ३० दिवस असतात. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम असा, की पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे आणि गहाणाची नोंद काढायची, नाहीतर कंपनीच्या चुकीने झालेल्या उशिराबद्दल दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. हे वाक्य अर्जात लिहिलं की कागद लवकर सापडतात. कागद हातात आले की एलओडीशी एकेक करून ताडून पाहा आणि मगच सही करा. ते नव्या बँकेत ठरलेल्या मुदतीत जमा करायची अट मंजुरीपत्रात असते, ती चुकली तर काही बँका शुल्क लावतात.

जुन्या कंपनीने नोंदणी कचेरीत गहाणखत नोंदवलं असेल तर बोजामुक्तीचा दस्तही तिथेच नोंदवावा लागतो. नाहीतर दहा वर्षांनी घर विकताना शोध घेणाऱ्या वकिलाला जुना बोजा दिसतो आणि कंपनीचं नाव तोवर बदललेलं असतं. गहाणाच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सरसाईत, जुनी नोंद मिटली आहे का, हेही पाहावं. नवी बँक ते स्वतःसाठी बघतेच, तिच्याकडून त्याची प्रत मागून घ्या. दोनेक महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात जुन्या कर्जापुढे 'बंद' आणि बाकी शून्य दिसलं पाहिजे. बहिणीच्या रिपोर्टमध्ये ते तिसऱ्या महिन्यात दिसलं.